भरून परत आलेलं टमरेल

आमच्या गावात तेव्हा कोणाच्याच घरी संडास नव्हता. आजच्या पोरींना हे सांगितलं की त्या नाकं मुरडतात, पण त्या काळी बायकांचं खरं बोलणं व्हायचं ते तिथंच. सकाळी झुंजूमुंजू व्हायच्या आत एकदा आणि दिवेलागणीला एकदा, अशा आम्ही आमच्या गल्लीतल्या बायका हातात टमरेल घेऊन पांदणीनं निघायचो. पांदण म्हणजे गावातून वावरांकडे जाणारी गाडीवाट, दोन्ही बाजूंनी बाभळी. घरात सासऱ्या-दिरांपुढे जे बोलता येत नसे ते सगळं त्या वाटेवर निघायचं. कोणाच्या नवऱ्याचं काय, कोणाच्या सासूचं काय, कोणाची पाळी चुकली, सगळं.

मधल्या दिवसात मात्र जायची सोय नव्हती. पांदणीनं दिवसभर गडीमाणसं, बैलबंड्या. मग बाई काय करते? पाणीच कमी पिते. तहान लागली तरी दोन घोट, तेही जेवताना. लग्न होऊन आलेल्या पोरीला हे कोणी शिकवावं लागत नाही, चार दिवसांत आपोआप कळतं. आणि जी सून दिवसभर बाहेर जायचं नाव काढत नाही ती वळणाची, असंही आम्ही समजत होतो. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं ह्याच्यावरच आहे.

आमचं घर आणि माझ्या मोठ्या जावेचं घर, मध्ये नुसती एक मातीची भिंत. गाव आर्वीकडचं, घरचा कापूस, थोडी तूर, नवं नवं सोयाबीन. मोठ्या जावेला मी बाई म्हणायची. तिनं त्या वर्षी लेकाचं लग्न केलं आणि वडनेरच्या बाजूची सून आणली. पोरगी हसतमुख, अंगानं भरलेली, बोलायला गोड. मला काकू म्हणायची आणि सासूला आत्याबाई. आली तेव्हा कासारानं तिच्या हातात बांगड्या भरल्या त्या इतक्या घट्ट बसल्या की तो म्हणाला, "ह्या आता फुटूनच निघतीन." ही बांगड्यांची गोष्टही लक्षात ठेवा.

दिवाळी झाली, कापसाची वेचणी सुरू झाली आणि पोरीला दिवस गेले. बाईनं मला भिंतीवरून बोलावून कानात सांगितलं.

"पण तोंडातून शब्द काढू नको. तीन महिने भरल्याबिगर कोनालेच सांगाचं नाई. चोरओटी भरू, मंग सांगू."

आमच्यात ते असंच होतं. पहिले तीन महिने पोट झाकून ठेवायचं, दृष्ट लागते म्हणून. मग जवळच्या दोघी-चौघींनी गुपचूप ओटी भरायची, ती चोरओटी. बाईच्या मनात ते जरा जास्तच खोल होतं. तिचं पहिलं पोर पोटात असतानाच बैलबंडीच्या गचक्यानं गेलं असं ती आयुष्यभर मानत आली. माहेराहून येताना नाल्यात बंडीचं चाक आदळलं आणि त्याच रात्री सगळं संपलं. गावभर आधीच बोभाटा झाला होता, म्हणून दृष्टही लागली आणि गचकाही बसला, असा तिचा हिशोब. मी तिला कधी खोडून काढलं नाही. ज्याचं जातं त्याला काहीतरी कारण लागतं.

पोरीला ओकाऱ्या सुरू झाल्या तेव्हा आम्ही दोघी हसलोच. त्यात काय? आम्हालाही झाल्या होत्या. सकाळी चूळ भरताना पोट ढवळायचं, दुपारपर्यंत ठीक, मग चिंचेचं बोटूक चोखत कामाला लागायचो. बाईनं तिच्यासाठी हौसेनं सगळं केलं. आमसुलाचं पाणी, लिंबाचं लोणचं, भाजलेला पापड, आंबट ताकाची कढी. पोरीनं एक घास घेतला की हात तोंडावर आणि धावत मागच्या दारी. बाई म्हणायची, "होते वं, होते. लेकरू आपली जागा करून राह्यलं."

पण हे सकाळपुरतं राहिलं नाही. घरात पुढच्या खोलीत छपरापर्यंत कापूस रचलेला, त्याचा तो उबट वास, त्यानंही तिला उमळून यायचं. तुरीचं वरण शिजलं की यायचं. नवऱ्यानं डोक्याला तेल लावलं तरी यायचं. थुंकीसुद्धा गिळवेना तिला. राख घातलेला एक डबा उशाशी ठेवला होता, त्यात थुंकत बसायची. अन्न बंद झालं, मग कढी बंद झाली, शेवटी पाणी. पाणी प्यायली की पाणीच बाहेर. त्यावर बाईनं एक उपाय काढला, आणि तो तिला अगदी बरोबर वाटला.

"पानी पोटात गेलं की उसळी मारते. पानीच देऊ नको तिले. कोरडं राह्यलं तं पोट शांत बसते."

खरंच, पाणी बंद केल्यावर उलट्या कमी झाल्यासारख्या वाटल्या. नुसत्या कोरड्या ओकाऱ्या, आवाज फक्त. म्हणून घरात सगळ्यांना वाटलं, उतार पडला.

त्याच आठवड्यात गावात नर्सबाई आल्या. लहान लेकरांना सुया द्यायला त्या ठरल्या वारी यायच्या, आणि कोण पोटुशी आहे का, हे घरोघरी विचारायच्या. बाईच्या दारात उभ्या राहून त्यांनी विचारलं, "नवी सून आली ना तुमच्याकडं? काही बातमी?"

"कायची बातमी बाप्पा! आत्ता तं हळद निंगाली नाई अंगाची," असं म्हणून बाईनं त्यांना चहा पाजला. पोरगी तेव्हा आतल्या खोलीत तोंडाला पदर लावून पडलेली. तीन महिने व्हायचे होते ना!

त्या दिवसांत ती आमच्यासोबत पांदणीनं यायची ते हळूहळू, गल्लीतल्या भिंतींना हात लावत. बायकांना तर काहीच माहीत नव्हतं. त्यांनी आपली मस्करी चालवली.

"काऊन वं नवरी, रातभर झोपू देत नाई का तो?"

"माय, पाय ना, कशी वाळली. माहेरची सय येते का नवऱ्याची नजर लागली?"

"दोनी! दोनी!" असं कोणी म्हटलं की सगळ्या खिदळायच्या. पोरगी हसल्यासारखं करायची. ओठ सुकून त्यांना भेगा पडलेल्या, हसलं की रक्त यायचं.

बाई मागून येत होती. तिला कोणी विचारलं, तब्येत बरी नाही का सुनेची, तर मान ताठ करून म्हणाली, "काई नाई. माही सून दिवसभर बाहेर जायाचं नाव काढत नाई. नाई तं तुमच्या! दुपारी बी टमरेल घेऊन नाचतेत."

त्यावर एकीनं तिला चांगलंच सुनावलं, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

एक दिवस संध्याकाळी परत येताना पोरगी माझ्यापुढं चालत होती. चालताना एकदम थांबली, बाभळीला हात टेकला. डोळ्यांपुढं अंधारी आली असावी. मी तिला धरलं तर तिच्या हातातलं टमरेल माझ्या पायावर उपडं झालं, आणि माझं लुगडं घोट्यापर्यंत चिंब. भरलेलं होतं ते. जसं घरून नेलं तसंच भरलेलं.

मी बाकीच्यांना पुढं जाऊ दिलं.

"काऊन वं पोरी, पानी नाई वापरलं?"

"लागलंच नाई काकू."

"काल?"

"काल बी नाई." आवाज असा की कोणी दुसऱ्या खोलीतून बोलतंय.

"संडासचं जाऊ दे, पोटात काई नाई तं ते कुठून होईन. लघवी तं होते ना?"

ती खाली बघून म्हणाली, "काल सकाळी झालती. इतकुशीच. लाल चहावानी. लय आग झाली. त्याच्यानंतर नाई झाली." आणि पुढं, जणू माझीच समजूत घालायला, "आत्याबाईले बरं वाटते काकू. घडीघडी बाहेर जा लागत नाई मले."

मी तिचा हात धरला होता ना, तेव्हाच त्या बांगड्या मला दिसल्या. कासार म्हणाला होता फुटूनच निघतील, आणि त्या आता मनगटावरून सुटून कोपरापर्यंत सरकत होत्या. मी तिच्या हाताच्या पाठीवरची कातडी सहज चिमटीत धरली, लेकराला हगवण लागली की आम्ही बघतो तसं. सोडली तर ती जागच्या जागी उभी राहिली. हळूहळू बसली. मनगटात नाडी पाहिली तर चिमणीसारखी धडधडत होती.

आता मी काही डॉक्टर नव्हे. पण हगवणीत लेकरू मुतलं का, हे आम्हा बायकांना सगळ्यात आधी विचारतात, एवढं तरी मला ठाऊक होतं. गावात साथ आली होती तेव्हा नर्सबाई प्रत्येक घरी हेच विचारत फिरल्या होत्या. लेकराचं विचारतो आणि बायकांचं विचारत नाही, कारण बाईमाणसानं लघवी नाही केली तर ते चांगलं, अशी आमची समजूत.

घरी आल्यावर मी बाईला मागच्या दारी घेतलं. पोरीचा नवरा ढोरांना चारा टाकत होता, त्यालाही थांबवलं.

"बाई, पोरीले उद्या सकाळीच वर्ध्याले न्या लागते. मोठ्या दवाखान्यात."

"येडी झाली का? दुसरा महिना चालू हाये. इतक्या दूर गाडीत? गचके बसतीन ना!" आणि मग, हळू आवाजात, "मले माहीत हाये गचका काय करते ते."

"तुमाले माहीत हाये, मले बी माहीत हाये. पन तिले कालपासून लघवी नाई झाली."

"मंग? माह्या सुनेले—"

"वळन नाई ते बाई. अंगात पानीच नाई तं लघवी येईन कुठून? विहीर आटली म्हून बादली वर येऊन नाई राह्यली, अन आपुन म्हनतो पानी लय सांभाळून वापरते."

बाई पुन्हा काही म्हणणार, तेवढ्यात आतून पोरीची कोरडी ओकारी ऐकू आली, आणि लेक आत धावला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात तो राखेचा डबा होता. त्यानं तो आईपुढं धरला. हिरवट-पिवळं पित्त आणि त्यात रक्ताची एक बारीक लकेर.

बाई त्याला म्हणाली, "गाडी पाय." इतकंच.

रात्रभर मी तिला चमच्यानं पाणी देत बसले, मीठ-साखर घालून. अर्धं बाहेर येत होतं, अर्धं राहिलं असेल तर देव जाणे. उजाडताच काळीपिवळी जीप दारात आली. मागच्या सीटवर गादी, गादीवर दोन गोधड्या, त्यावर पोरगी, तिचं डोकं बाईच्या मांडीवर. माझ्या पायाशी राखेचा डबा. नवरा पुढं. बाईनं डायव्हरला बजावून ठेवलं होतं की गचका बसता कामा नये.

तो बिचारा इतका हळू चालला की एक दूधवाला सायकलवर मागून आला, आमच्या बरोबरीनं थोडा वेळ चालला, आत डोकावून पाहिलं आणि पुढं निघून गेला.

"मावशे, या चालीनं गेलो तं उद्या पोचू," डायव्हर म्हणाला.

"उद्या पोचलो तं पोचू. गचका बसला तं तुलेच पाहीन."

तेव्हा पोरीनं डोळे न उघडता म्हटलं, "जाऊ द्या ना आत्याबाई, जोऱ्यानं." त्या दिवशी तिनं आपणहून बोललेलं ते पहिलं वाक्य. बाईनं डायव्हरला हातानं खूण केली, आणि वर्ध्यापर्यंत पोरीचं डोकं दोन्ही हातांत असं धरून बसली की रस्त्यातले खड्डे सगळे तिच्याच मनगटांत गेले असतील.

दवाखान्यात डॉक्टरबाई वयानं लहान होत्या पण हात फार शांत. त्यांनी पोरीला जीभ काढायला लावली. जीभ लाकडासारखी कोरडी. डोळ्यांखाली बोट लावून पाहिलं. पडल्या पडल्या रक्तदाब घेतला, मग बसवून घेतला, आणि बसवल्याबरोबर ती कलंडायलाच लागली. मग विचारलं,

"शेवटची लघवी कधी झाली?"

पोरगी सासूकडं बघायला लागली. दारात नवरा उभा होता. डॉक्टरबाईंनी त्याला केसपेपर हातात देऊन खिडकीकडं पिटाळलं. मग बाईनंच सांगितलं, "परवा सकाळी. इतकुशी." आणि ते सांगताना तिनं पहिल्यांदा मान खाली घातली.

नळीनं थोडी लघवी काढली तेव्हा ती खरंच घट्ट चहासारखी निघाली. त्यात त्यांनी एक कागदाची पट्टी बुडवली. पट्टीवरचा एक चौकोन बघता बघता जांभळा झाला, पिकल्या जांभळासारखा.

"हे काय हाये?" मी विचारलं. मला विचारल्याशिवाय राहवतच नाही.

त्यांनी सांगितलं, "पोटात अन्न नाही ना, म्हणून शरीर स्वतःचीच चरबी जाळायला लागलंय. त्याची राख लघवीत येते. साध्या उलट्यांमध्ये असं होत नाही. साध्या उलट्या असलेली बाई कधी ना कधी चार घास खाते, पाणी तिच्या पोटात राहतं, लघवी होते, वजन फारसं घटत नाही. हिचं पाणीसुद्धा राहत नाही, वजन उतरलंय, उठलं की चक्कर. हा वेगळा आजार आहे. हौस नव्हे आणि नखरे नव्हेत."

"कोनी नखरे नाई म्हनलं," बाई पटकन म्हणाली. आणि ते खरंच होतं, तिनं कधी म्हटलं नव्हतं.

"पाणी बंद का केलं मग?"

"पेली की ओकते म्हून."

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. "पोट रिकामं आणि अंग सुकलेलं असलं की मळमळ आणखी वाढते, मावशी. मग आणखी उलटी, मग आणखी सुकणं. हे चाक मध्येच थांबवावं लागतं. तोंडानं थांबत नाही, म्हणून शिरेतून."

बाईनं लगेच सांगून टाकलं, "मंग ग्लुकोज लावा बाई. ताकतीची बाटली."

"आधी मिठाच्या पाण्याची. आणि बी-वन जीवनसत्त्वाचं इंजेक्शन. इतके दिवस उपाशी असलेल्या अंगात नुसती साखर सोडली तर मेंदूला इजा होऊ शकते. जीवनसत्त्व आधी, साखर नंतर."

मग बाईनं तो प्रश्न विचारला जो ती आदल्या संध्याकाळपासून गिळत होती. "पोटातलं हाये ना?"

"सोनोग्राफीत कळेल. एकच आहे की जुळं, गर्भ नीट वाढतोय की नाही, तेही बघायचंय, कारण तशातही उलट्या अशा वाढतात. पण आत्ता नाही करता येणार. लघवीची पिशवी भरल्याशिवाय आतलं नीट दिसत नाही. हिची पूर्ण रिकामी आहे."

म्हणजे लेकरू आहे की नाही हे कळायचं तर आधी पोरीला लघवी यायला हवी. बाई स्टुलावर बसली ती बसलीच. तिला ज्याचा इतके दिवस अभिमान वाटत होता, त्याच्याचसाठी आता ती देवाला हात जोडत होती.

वॉर्डात बाटली लागली. एक संपली, दुसरी लागली. उलटीचं इंजेक्शन दिलं, त्यानं पोरीला झापड आली. रक्त नेलं, त्यात क्षार कमी निघाले, मग सिस्टरनं बाटलीत पोटॅशियम घातलं आणि थेंब अगदी हळू ठेवले, "ह्याला कोणी हात लावायचा नाही" असं आम्हा दोघींना बजावून. कावीळ, मलेरिया, लघवीतला जंतू, ह्यातलं काही नाही ना, तेही तपासलं. बाई मला हळूच म्हणाली, "सुयांनी पोटातल्याले काई होईन का वं?" सिस्टरनं ते ऐकलं. "ही औषधं चालतात आजी. पाण्यावाचून ठेवणं चालत नाही. आणि ते गाडीच्या गचक्याचं तुम्ही मघाशी सांगत होता ना, तसं गचक्यानं गर्भ जात नाही. जाणारा असतो तो घरी गादीवरही जातो." बाई खिडकीबाहेर बघायला लागली. मला वाटतं, ती बंडी, तो नाला, तेच बघत असावी.

सिस्टरनं बाईच्या हातात दोन भांडी दिली. एक पसरट, पोरीच्या खाली द्यायचं. दुसरं आकडे कोरलेलं मापाचं. "जेवढी होईल तेवढी ह्यात ओतून मला दाखवायची. फेकायची नाही."

"मुताले मोजतेत?" बाईनं मला विचारलं.

"मोजतेत वं बाई. सोन्यावानी."

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात झाडलोट चालू होती. मी चहा आणायला गेले होते. परत येते तर बाई पूर्ण वॉर्डाच्या मधून, डोक्यावरचा पदर खाली पडलेला, ते मापाचं भांडं दोन्ही हातांत समोर धरून लगबगीनं येत होती. जन्मात जी बाई परक्या गड्यापुढं मोठ्यानं बोलली नाही, ती ओरडत होती,

"झाली! झाली! सिस्टर, झाली वं माय! अर्ध्याच्या वर हाये! पाय ना, रंग बी फिका हाये!"

खाटांवरच्या बायका उठून बसल्या. एकीनं विचारलं, "काय झालं, पोरगा का पोरगी?" आणि सगळा वॉर्ड हसला. आतमध्ये पोरगी उशीत तोंड लपवून हसत होती. हसताना तिच्या ओठातून रक्त आलं नाही, हे मी पाहिलं.

दुपारी सोनोग्राफीला नेलं. त्याच्या आधी तिला सांगितलं, आता लघवी धरून ठेवायची. "काल नव्हती तं मागत होते, आता आली तं धर म्हनतेत," बाई कुरकुरली, पण चेहरा फुललेला. पडद्यावर मला तर काही उमगलं नाही, नुसतं राखाडी. डॉक्टरबाईंनी बोट ठेवून दाखवलं. राखाडीत एक बारकं, पांढरं, भराभर लुकलुकणारं. "एकच आहे. हृदय चालू आहे." बाईनं त्या पडद्यालाच नमस्कार केला.

चार-सहा दिवस तिथं काढले. पोरीनं पहिल्यांदा खाल्लं आणि पोटात ठेवलं ते मुरमुरे, तेही कोरडे, एकेक करत. घरी सोडताना डॉक्टरबाईंनी समजावलं. उठायच्या आधी अंथरुणातच काहीतरी कोरडं खायचं. भाकरीचा वरचा कडक पापुद्रा चालेल. थोडं थोडं, पण दिवसभर. पाणी घोटाघोटानं, जेवणाबरोबर नाही, मधल्या वेळात. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि परत पाणी राहिनासं झालं, चक्कर आली, लघवी थांबली की कशाचीही वाट न पाहता यायचं. "तीन महिने भरायची वाट सुद्धा नाही," त्या बाईकडं बघून म्हणाल्या. त्यांना कोणी सांगितलं कोणास ठाऊक. मीच सांगितलं असेल.

त्यांनी शेवटी म्हटलं, "दिवसातून पाच-सहा वेळा तरी लघवी व्हायला पाहिजे."

परतीच्या वाटेला लागलो. जीप आता नीट वेगानं चालली होती. गाव दिसायला लागल्यावर ती म्हणाली, "पाच-सहा डाव. दिवसा. जाईन कुठं ते?"

ह्याचं उत्तर तिनंच काढलं. दुसऱ्या दिवशी तिनं लेकाला आणि नवऱ्याला मागच्या आवारात बोलावलं. सरपणासाठी मागल्या वर्षीच्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या झाडांच्या काड्या, रचून ठेवलेल्या होत्या. त्या उभ्या करून, सुतळीनं बांधून, गाईच्या गोठ्याच्या कोपऱ्याला तिनं चौकोनी आडोसा करून घेतला. आत दोन सपाट दगड, बाहेर राखेचा ढीग आणि पाण्याचा डेरा. दाराला पोत्याचा पडदा.

गल्लीत चार दिवस हसू पुरलं.

"अवं, सुनेसाठी महाल बांधला म्हनते!"

"राणीसाहेब चालल्या महालात!"

बाईनं दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "हो, बांधला. माह्या सुनेले दिवस राह्यले. दुसराच महिना चालू हाये. झालं का समाधान?" तीन महिने व्हायला अजून अवकाश होता. मी भिंतीपलीकडून ऐकत होते, काथवटीत पीठ मळता मळता माझा हातच थांबला. नर्सबाई पुढच्या वारी आल्या तेव्हा बाईनं स्वतः पुढं होऊन सुनेला त्यांच्यासमोर बसवलं.

ज्या हसल्या त्यांच्यातलीच एक आठवड्याभरात भर दुपारी बाईच्या मागच्या दारी आली. "जरा महाल पाहू द्या ना वं." मग दुसरी आली. पोटुश्या पोरी तर बिनदिक्कत यायला लागल्या. बाई त्यांना आधी पेलाभर पाणी द्यायची, मगच पडद्याकडं बोट दाखवायची.

उलट्या लगेच गेल्या असं नाही. मध्ये एकदा परत वर्ध्याला न्यावं लागलं, पण तेव्हा पोरगी स्वतःच म्हणाली, "आत्याबाई, सकाळपासून नाई झाली," आणि दुपारपर्यंत आम्ही वॉर्डातल्या खाटेपाशी होतो. डायव्हरनं वाटेत विचारलं, हळू चालवू का, तर बाई म्हणाली, "चाल ना बाप्पा, झोपला का?" पाचव्या महिन्यात सगळं उतरलं. मग पोरगी अशी जेवली की बाई म्हणायची, मागचं सगळं वसूल करून राह्यली. ओटी मग उघडच भरली, सातव्यात, गल्लीभर बायका बोलावून. पोरगी झाली. नीट, भरलेल्या अंगाची, रडली तर पांदणीपर्यंत ऐकू जाईल अशी.

काही वर्षांनी दुसऱ्या खेपेला तिला तसंच झालं. डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलं होतं, होऊ शकतं म्हणून. तेव्हा कोणी चिंच दिली नाही, कोणी हसलं नाही, पाणीही बंद केलं नाही. पहिल्या आठवड्यातच गोळ्या सुरू केल्या आणि बाटलीपर्यंत जावंच लागलं नाही.

पुढं सरकारी योजनेत गावात पक्के संडास झाले. पऱ्हाट्यांचा आडोसा मोडून बाईनं त्याच जागी पक्कं बांधून घेतलं, टाइल लावून. ती आता थकली आहे, ऐकू कमी येतं. पण गल्लीतली कोणतीही पोटुशी पोर तिच्या दारावरून गेली की ती अजूनही खाटेवरून हाक मारते. जेवली का, विचारत नाही. कितवा महिना, विचारत नाही.

"झाली का वं आज नीट?" असं विचारते, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. पोरी लाजतात, पण उत्तर दिल्याशिवाय कोणी पुढं जात नाही.